‘अनसेंटेड’ आणि ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ : दोन्हींना ‘सुगंधमुक्त’ चालेल का?

मीठमोहर
क्रीम-लोशनचं लेबल कसं वाचावं यावर सहा चौकटींची चित्रमालिका मराठीत करते आहे. कंपन्यांची नावं नाहीत, ‘हे घ्या, ते टाळा’ नाही. तिसरी चौकट अडली आहे. तीत दोन दावे शेजारी-शेजारी येतात : ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ आणि ‘अनसेंटेड’. दोन्हींना ‘सुगंधमुक्त’ लिहिलं, तर मजकूर तपासणाऱ्या बाईंनी दुसऱ्यावर काट मारली. ‘अर्थ एक नाही,’ एवढाच शेरा. कोश पाहिले तर फिरून फिरून ‘गंधहीन’च हाती येतो. जागा एका ओळीची आहे. काय लिहू?

खडूफळा
‘गंधहीन’ लिहा की. पाणी रंगहीन, गंधहीन, चवहीन, हे शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे. नवा शब्द घडवायचा सोस कशाला?

रसायनी
काट योग्य जागी बसली आहे. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हा दावा डब्यात काय घातलं याबद्दल आहे : वास यावा म्हणून काहीही घातलेलं नाही. ‘अनसेंटेड’ हा दावा नाकाला काय कळतं याबद्दल आहे. क्रीममधल्या तेलांना, मेणांना स्वतःचा थोडा तेलकट, कधी खवट वास असतो. तो झाकायला किंचित सुगंधी मिश्रण घालतात, इतकंच की मूळ वासही जाणवू नये आणि घातलेलाही. वास नाही, पण सुगंधी द्रव्य आहे.

उलटही होतं. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ क्रीमला कच्च्या मालाचा वास येऊ शकतो. त्यावर ‘गंधहीन’ लिहिलंत तर झाकण उघडणारा म्हणेल, फसवलं. म्हणून खडूफळांचा शब्द पहिल्या दाव्याला मुळीच नको. दुसऱ्याला मात्र तो बरा बसतो.

खडूफळा
म्हणजे वास मारायला वास! बरं, अर्धा शब्द तरी पास झाला.

अनुस्वार
माझं भांडण ‘मुक्त’शी आहे. कर्जमुक्त कोण? ज्याच्या डोक्यावर कर्ज होतं तो. रोगमुक्तही आधी रोगी असतो. क्रीमला सुगंधाने कधी बांधलं होतं? इंग्रजी ‘फ्री’ दिसला की ‘मुक्त’ चिकटवायची ही सवय आहे. ‘सुगंधविरहित’ म्हणा, नाहीतर साधं ‘बिनवासाचं’.

जुना खिळा
‘बिन’ फारशी आहे ना? शुद्ध मराठीचा आग्रह धरता आणि फारशी उपसर्ग लावता.

अनुस्वार
फारशी ‘बे’ : बेजबाबदार, बेहिशेबी. ‘बिन’ हा ‘विना’चाच घासलेला अवतार. बिनपगारी, बिनव्याजी, बिनशर्त. मागचा शब्द कुठूनही आलेला त्याला चालतो. आणि शुद्धतेचा आग्रह मी धरलेलाच नाही, नेमकेपणाचा धरला.

रसायनी
‘बिनवासाचं’ पुन्हा नाकाकडेच जातं. ‘विरहित’ पहिल्यासाठी चालेल, कारण त्यात ‘सुगंध’ हा घालायचा पदार्थ ठरतो.

दवबिंदू
शब्द राहू द्या. ज्यांना सुगंधाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी अनसेंटेड घेतलं तर चालेल ना? वासच नाही म्हटल्यावर त्रास कशाने होणार?

रसायनी
नाही. त्वचा वासाला प्रतिक्रिया देत नाही, द्रव्याला देते. नाकाला न कळण्याइतकं द्रव्यही आधीच संवेदनशील झालेल्या त्वचेला पुरू शकतं. पुढचा दावा सोडा, मागची यादी वाचा.

पानवाचक
आणि ते सोपं आहे. यादीत ‘पार्फम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ शब्द नाही, म्हणजे विषय संपला.

रसायनी
अर्धाच संपला. पार्फम हे मिश्रणाचं सामायिक नाव आहे. त्या एका शब्दामागे डझनावारी घटक असू शकतात. पण लॅव्हेंडरचं तेल घातलं तर ते ‘लव्हान्ड्युला अँगुस्टिफोलिया ऑइल’ असं वनस्पतीच्या नावाने येतं. पार्फम कुठेच नाही, तरी वासाचं द्रव्य आहेच. ‘आम्ही ते त्वचेसाठी घातलं, वासासाठी नाही,’ असं बनवणारा म्हणू शकतो. लिनॅलूल हे अ‍ॅलर्जी देऊ शकणारं वासाचं द्रव्य त्या तेलात असतंच.

चौकटीसाठी एक कल्पित यादी घ्या. पुढे लिहिलंय ‘अनसेंटेड’. मागे : अ‍ॅक्वा, ग्लिसरिन, सीटेअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, फिनॉक्सीएथॅनॉल, पार्फम, टोकोफेरॉल. घटक उतरत्या प्रमाणात लिहितात, पण 1 टक्क्याच्या खाली गेले की क्रम कसाही लावता येतो. फिनॉक्सीएथॅनॉल हे परिरक्षक आहे आणि युरोपीय संघात त्याची मर्यादा 1 टक्का आहे. त्यामुळे तिथल्या यादीत त्याच्यानंतर आलेलं, रंगद्रव्यं सोडली तर, काहीही 1 टक्क्याहून जास्त नसतं. इथे पार्फम त्याच्यानंतर आहे. म्हणजे ते थोडं आहे आणि बहुधा वास झाकायला आहे. किती, ते यादी सांगत नाही. 0.8 टक्के असेल, 0.02 असेल. परिरक्षकापेक्षा कमी आहे असंही म्हणता येत नाही, कारण त्या पट्ट्यात क्रमाला अर्थच उरत नाही.

पानवाचक
पण युरोपात लिनॅलूल, लिमोनीन वगैरे वेगळी छापावी लागतात. या यादीत ती नाहीत. मग पार्फम असूनही अ‍ॅलर्जीवालं काही नाही, असं म्हणता येईल की.

रसायनी
तसं नाही म्हणता येत. नाव छापायचं बंधन ठरावीक प्रमाणानंतर लागतं : त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात 0.001 टक्क्याच्या वर, धुऊन टाकायच्या उत्पादनात 0.01 टक्क्याच्या वर. 100 ग्रॅम क्रीममध्ये 1 मिलिग्रॅमपर्यंत लिनॅलूल असलं तरी नाव येणार नाही. शिवाय बंधन नेमून दिलेल्या नावांपुरतंच आहे. आधी ती 26 होती, 2023च्या नियमाने 80च्या वर गेली, पण अंमल टप्प्याटप्प्याने आहे. तेव्हा जुन्या डब्यावर नाव नसणं आणि आत द्रव्य नसणं या दोन वेगळ्या गोष्टी. युरोपाबाहेर तर सगळं एकट्या ‘फ्रॅग्रन्स’ शब्दात उरकलेलं सापडतं.

मीठमोहर
मग असं : ‘फ्रॅग्रन्स-फ्री : सुगंधी द्रव्य घातलेलं नाही, असा दावा’ आणि ‘अनसेंटेड : वास जाणवत नाही, द्रव्य असू शकतं’. खाली बारीक अक्षरात ‘मागे पार्फम किंवा वनस्पती-तेल आहे का पाहा’.

रसायनी
‘असा दावा’ काढू नका, तेवढ्यानेच चौकट प्रामाणिक राहते. वनस्पती-तेल मात्र बदला. सूर्यफुलाचं तेलही वनस्पती-तेलच, लोक उगाच घाबरतील. ‘सुवासिक तेल’ म्हणा.

जुना खिळा
‘सुगंधी’ आणि ‘सुवासिक’ एकाच चौकटीत? एक काहीतरी ठेवा. आणि ‘वास जाणवत नाही’ मध्ये वास म्हणजे वाईटच, असंच वाचलं जाणार. ‘वास येतोय’ कोणी कौतुकाने म्हणतं का?

अनुस्वार
मोगऱ्याचा वास येतो की. वास मुळात तटस्थ आहे, बिघडवलाय आपण.

खडूफळा
तटस्थ होता. आता डब्यावर ‘वास’ छापला की गिऱ्हाईक डबा परत ठेवतं. ‘गंध’ लिहा.

जुना खिळा
‘गंध’ लिहिलं तर निम्म्यांना कपाळावरचं आठवेल.

मीठमोहर
‘सुवासिक तेल’ बदललं. ‘जाणवत नाही’च्या आधी वास की गंध, तेवढं अजून रिकामं आहे.