कोळंबी आणि शेंगदाणा दोन्हीची ऍलर्जी निघाली, पाकीट कसं वाचायचं? चिवडा सुचवा

मानसी_फोंडा: वय ३८. आयुष्यभर सुंगटं खाल्ली, यंदा चवथीनंतर एका जेवणात हुमण खाल्लं आणि अर्ध्या तासात ओठ सुजले, घसा आवळल्यासारखा झाला. तपासणीत कोळंबी, कुर्ली आणि शेंगदाणा निघाला. मासा चालेल म्हणाले डॉक्टर. आता ऑफिसात चार वाजता खायला शेंगदाण्याशिवायचा पाकिटातला चिवडा हवाय, महिन्याला ३०० रुपयांपर्यंत. समोर दोन पाकिटं आहेत, एकावर 'मे कंटेन पीनट्स' लिहिलंय, दुसऱ्यावर काहीच नाही. दुसरं घेऊ ना?

म्हापसेकर: काजू घे ना गोव्यात राहून! आमच्याकडे चांगले भाजलेले मिळतात, ११०० रुपये किलो, मी दर महिन्याला दोन किलो नेतो.

मानसी_फोंडा: बजेट ३०० आहे हो. आणि काजूची तपासणी अजून झालेली नाही.

बाणावली_बाय: मला पण खेकड्याने खाज येते, सेट्रिझिनची गोळी घेते आणि खाते, काही होत नाही. आणि कडकडीत तळलं की त्यातलं सगळं मरतं.

लाईन_सुपरवायझर: बाय, असं करू नका कृपा करून. कोळंबीतलं ते प्रोटीन उकळून, तळून जात नाही. गोळीने खाज थांबेल, पण घसा सुजायला लागला किंवा बीपी पडलं तर गोळी पुरत नाही, मांडीत ऍड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं आणि १०८ लावायचा.

मानसी, मी फरसाणाच्या कारखान्यात क्वालिटीत ११ वर्षं आहे. 'कंटेन्स' म्हणजे तो पदार्थ कृतीतच आहे. 'मे कंटेन' म्हणजे कृतीत नाही, पण त्याच लाईनवरून जातो. आमच्याकडे सकाळी मसाला शेंगदाणे आणि दुपारी त्याच ड्रममध्ये शेवेला मसाला लागतो. मधे ड्रम पाण्याने धूत नाहीत, ओल राहिली तर शेव मऊ पडते, म्हणून ब्रश आणि व्हॅक्यूम. मी स्वतः चाळणीच्या कडेला शेंगदाण्याची लाल सालं चिकटलेली काढली आहेत. एखाद्या पाकिटात काहीच नसेल आणि पुढच्यात अर्धा दाणा असेल.

कोऱ्या पाकिटाचं म्हणशील तर २०२० च्या एफएसएसएआय नियमात अशी शक्यता असेल तर 'मे कंटेन' लिहायचं आहे, पण किती मिलिग्रॅमच्या वर लिहायचं हा आकडा नाही, कंपनी स्वतः ठरवते. म्हणून कोरं म्हणजे सुरक्षित असं धरू नको. कस्टमर केअरला एकच प्रश्न विचार, 'या लाईनवर शेंगदाणा जातो का, आणि मधे काय साफ करता?' 'आमचा माल शुद्ध आहे' एवढंच उत्तर आलं तर ते पाकीट सोड.

म्हापसेकर: एवढं बघायचं तर माणसाने खायचं काय!

कुंकळ्ळी_९१: माझ्या मावसभावाला रवा फ्रायने झालं. तो वांग्याचे काप मागवतो, कोळंबी नाहीच. पण आचाऱ्याने आधी त्याच ताटलीतल्या रव्यात सुंगटं घोळवली होती, तवा पण तोच. ताटलीत रवा लालसर झालेला दिसला तर तो आधी वापरलेला असू शकतो, पण नुसतं बघून कळेलच असं नाही. रेशादचे मासे पण तसेच.

लाईन_सुपरवायझर: बरोबर, हॉटेलात लेबल नसतं. आणि बालचावच्या मसाल्यात सुकी कोळंबी वाटलेली असते, मग बरणीवर वांगं लिहिलेलं असो की पोर्क, आत बघून घ्या. बाजारातल्या सुट्या मसाल्यावर तर काहीच लिहिलेलं नसतं.

सुशेगाद_दादा: कोळंबीची ऍलर्जी म्हणजे आयोडिनची, मीठ बदलून बघ.

कुंकळ्ळी_९१: नाही दादा, आयोडिनचा संबंध नाही त्यात.

मानसी_फोंडा: आणि तिसऱ्या, शिनाणे असल्या शिंपल्या चालतील का? लेबलवर 'क्रस्टेशियन' असं दिसलं.

लाईन_सुपरवायझर: तो शब्द कोळंबी, खेकडा, शेवंडीचा. तिसऱ्या, शिनाणे, माणक्या वेगळ्या गटातल्या, आणि आपल्या सक्तीच्या यादीत त्यांचं नावच नाही, म्हणून त्यावर लेबलचा भरवसा धरू नको. त्या तुला चालतील का हे मी नाही सांगू शकत, काहींना दोन्हींचा त्रास होतो. ऍलर्जीवाल्या डॉक्टरांनाच विचार.

बाणावली_बाय: माझी नणंद थोडं थोडं खाऊन सवय करत होती...

लाईन_सुपरवायझर: घरी नाही, अजिबात नाही.

म्हापसेकर: परत सांगतो, काजू.

मानसी_फोंडा: सगळ्यांचं वाचलं. दोन्ही पाकिटं ऑफिसात मैत्रिणीला दिली. कोऱ्या पाकिटाच्या कंपनीला मेल केलाय, उत्तर नाही अजून. तोवर घरीच पोहे भाजून न्यायचे ठरवलंय, खोबऱ्याचे काप आणि कडीपत्ता घालून, तेल पण घाणीचं शेंगदाणा सोडून खोबरेल. पोहे मात्र बंद पाकिटातले, दुकानात सुट्या पोह्यांचं आणि शेंगदाण्याचं माप एकच असतं हे कालच बघितलं. आणि कितीही सांगा, बांगडा मी सोडणार नाही. फक्त रवा माझा, ताटली माझी, तवा माझा. तिसऱ्यांचं डॉक्टरांना गुरुवारी विचारते, ऍड्रेनलिनचं पण त्याच वेळी.

लाईन_सुपरवायझर: मेलचं उत्तर आलं की इथे टाक. आणि पुढच्या महिन्यात तेच पाकीट घेतलंस तरी मागची बाजू परत वाच, लाईन बदलते.