मदत हवी आहे: शेवटचा अंक एक पर्याय सांगतो, अंदाज दुसरा, आणि उत्तर तिसरंच

अपूर्णांक
परवा परीक्षा आहे, म्हणून जरा लवकर सांगा. पर्यायी प्रश्नांत मी आकडे गोल करून अंदाज काढते आणि शेवटचा अंक बघून नको ते पर्याय खोडते. आतापर्यंत जमत होतं. काल सराव पेपरात शेवटच्या अंकाने एक पर्याय आला, अंदाजाने दुसरा, आणि उत्तरसूचीत तिसराच छापलाय. उत्तरसूची चुकली असेल का? की ही पद्धतच सोडून देऊ?

पाटीपेन्सिल
गणित कुठाय? आणि चारही पर्याय लिहा. पर्याय बघितल्याशिवाय अंदाज किती बारीक हवा ते कुणालाच सांगता येणार नाही.

आईची_शाळा
माझ्या मुलालाही असंच व्हायचं. त्याला मी एवढंच शिकवलं की पूर्ण वर्गसंख्येच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाही. वर्गमुळाच्या प्रश्नात दोन पर्याय तिथेच उडतात. तुम्हीही करून बघा.

अपूर्णांक
ताई, वर्गमूळ नाहीये हो. साधा गुणाकार आणि वजाबाकी आहे.

४८७ × ३१२ − १९६ × ४०८

१) ६८,९७६  २) ७१,९७४  ३) ७१,९७६  ४) ७६,९७६

शेवटचा अंक: ७ × २ = १४, म्हणजे ४. ६ × ८ = ४८, म्हणजे ८. फरक ४. म्हणून पर्याय २.
अंदाज: ५०० × ३०० = १,५०,०००. २०० × ४०० = ८०,०००. फरक ७०,०००. त्याला सगळ्यात जवळचा पर्याय १.
उत्तरसूची म्हणते ३.

सरळहिशोब
शेवटच्या अंकात चूक आहे. तुम्ही ८ मधून ४ वजा केलेत, पण गणितात ४ मधून ८ जातात. दशकाचा हातचा घ्या: १४ − ८ = ६. पर्याय २ गेला. यापुढे नेहमी शेवटचे दोन अंक बघत जा, एका अंकावर कधीच थांबू नका. ८७ × १२ = १०४४, म्हणजे ४४. ९६ × ८ = ७६८, म्हणजे ६८. १४४ − ६८ = ७६. झालं.

अपूर्णांक
अरे हो, उलटं वजा केलं! पण दादा, ७६ तर १, ३ आणि ४ तिघांच्याही शेवटी आहेत. मग अंदाजाने पुन्हा १ च येतो ना?

सरळहिशोब
मग शेवटचे तीन अंक बघा.

पाटीपेन्सिल
तिघांच्याही शेवटी ९७६ आहे. तीन अंक बघून काही हाती लागणार नाही. पेपर काढणाऱ्याला ही युक्ती माहीत आहे, म्हणूनच त्याने शेपटी सारखी ठेवलीय. इथे निवाडा पुढच्या अंकांनीच होणार, आणि खरी चूक अंदाजात आहे.

अपूर्णांक, तुमचे दोन गुणाकार वेगवेगळे बघा. दुसऱ्यात १९६ चे २०० केलेत, म्हणजे दोन टक्के वाढले. ४०८ चे ४०० केलेत, म्हणजे जवळपास दोन टक्के घटले. दोन्ही एकमेकांना खाऊन गेले. खरं उत्तर ७९,९६८ आहे, तुमचं ८०,०००. उत्तम.

पहिल्यातही एक वर आणि एक खाली नेलात, म्हणून तो तसाच जमला असेल असं वाटतं. ४८७ ला १३ दिलेत आणि ३१२ मधून १२ काढलेत, आकडे सारखेच दिसतात. पण ४८७ वर १३ म्हणजे तीन टक्क्यांहून कमी, आणि ३१२ वर १२ म्हणजे जवळपास चार. एक टक्क्याच्या आसपास तूट राहिली. दीड लाखाचा एक टक्का दीड हजार होतो, आणि इथली तूट त्याहून थोडी जास्त, १,९४४ ची आहे. वजाबाकीनंतर ती तशीच उरते, फक्त आता ती दीड लाखातली नसून सत्तर हजारातली असते. म्हणून ती डोईजड झाली.

अपूर्णांक
हे आधी कसं ओळखायचं? सोडवताना मला खरं उत्तर कुठे माहीत असतं?

पाटीपेन्सिल
आधी पर्यायांमधलं अंतर बघायचं. १ आणि ३ मध्ये बरोबर ३,००० आहे. म्हणजे तुमची चूक दीड हजाराच्या आत हवी, नाहीतर अंदाज भलत्याच पर्यायाजवळ जाऊन बसतो. दीड लाखाच्या गुणाकारात दीड हजार म्हणजे एकच टक्का. मग आकडे शंभराच्या पटीत गोल करणं परवडत नाही, दहाच्या पटीत करा: ४९० × ३१०, म्हणजे १,५१,९००. त्यातून ८०,००० गेले की ७१,९००. आता पर्याय ३ ला हरकत घ्यायला जागा नाही.

तिरकी_रेघ
एवढ्या वेळात मी पूर्ण गुणाकार करतो. ५०० × ३१२ = १,५६,०००, त्यातून १३ × ३१२ = ४,०५६ काढले की १,५१,९४४. तसंच २०० × ४०८ = ८१,६००, त्यातून १,६३२ काढले की ७९,९६८. फरक ७१,९७६. अंदाज नाही, खोडाखोड नाही.

पाटीपेन्सिल
इथे मान्य, कारण चारपैकी दोन आकडे शंभराच्या पटीला चिकटून आहेत. ४६७ × ३३८ आलं तर ही सोय राहणार नाही.

कोरा_कागद
माझा मार्ग नऊचा. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची. ४८७ चा १, ३१२ चा ६, गुणाकार ६. १९६ चा ७, ४०८ चा ३, गुणाकार २१, म्हणजे ३. सहातून तीन गेले, उरले ३. पर्याय १ चा येतो ९, २ चा १, ३ चा ३, ४ चा ८. एकटा ३ राहिला. अंदाजाची गरजच नाही.

सरळहिशोब
हे शेवटच्या दोन अंकांपेक्षा बरं दिसतंय, पण नेहमी चालतं का? पर्यायात ७१,७९६ असता तर? अंक तेच, फक्त जागा बदललेली, शेवटी ६ सुद्धा आहे.

कोरा_कागद
नाही, तो पकडता येत नाही. नऊला अंकांची अदलाबदल दिसत नाही.

पाटीपेन्सिल
इथे मात्र दोन अंक चालले असते, ९६ आणि ७६ वेगळे आहेत. म्हणून कुठलीही एकच कसोटी डोळे झाकून धरू नका. आणि भागाकार असेल तर शेवटच्या अंकाला हातच लावू नका. ६८ × ४५ ÷ १२ घ्या. वर शेवटी ०, खाली २. उत्तराच्या शेवटी ० येईल की ५? दोन्हीही बसतात, कारण दोनाला पाचानेही गुणलं तरी शेवटी शून्यच. उत्तर २५५ आहे.

आईची_शाळा
वर्गमुळाला हे नऊचं चालतं का?

कोरा_कागद
चालतं ताई. पूर्ण वर्गसंख्येचा १, ४, ७ किंवा ९ च येतो.

अपूर्णांक
पर्यायांमधलं अंतर आधी बघायचं हे मी कधी केलंच नव्हतं. कालचा सगळा संच पुन्हा काढून बसलेय, त्यात अजून दोन चुका याच कारणाने सापडल्या. एक सांगायचं राहिलं, माझ्या परीक्षेत पाचवा पर्याय ‘यांपैकी नाही’ असतो.

तिरकी_रेघ
हे पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवं होतं! मग खोडून उरलेला पर्याय बरोबरच असेल असं कुठे आहे? पूर्ण गुणाकार करा.

पाटीपेन्सिल
चारही उडाले तर पाचवा नक्की. एक उरला तर आकडा अंदाजाशी, दोन अंकांशी आणि नऊशी जुळतो का बघून मी पुढे जातो.

तिरकी_रेघ
मी नाही जाणार. तिन्हीत बसणारा चुकीचा आकडा कुणीही बनवू शकतो.