लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री कुंभार चाकावर असतो का? एका पटकथेवर मतं हवीत

पांझराकाठ:
लघुपटासाठी पटकथा लिहितोय. धुळे तालुक्यातलं गाव, लक्ष्मीपूजनाची आदली रात्र. म्हातारा कुंभार चाकावर पणत्या घडवतोय आणि शहरातून आलेलं गिऱ्हाईक ५०० पणत्यांचा भाव पाडतंय. शेवटी कुंभार पैसे नाकारतो. पटतं का?

चाकावरची माती:
घरात कुंभारकाम आहे म्हणून सांगतो, त्या रात्री चाकावर पणती नसते. आज घडवलेली पणती उद्या लावता येत नाही. घडवायला वेळ लागत नाही. चाकावर मातीचा उंच गोळा बसवायचा, टोकालाच पणती उघडायची, बोटाने वातीची चोच दाबायची आणि दोऱ्याने कापून खाली ठेवायची. वेळ जातो वाळण्यात. आधी सावलीत, मग उन्हात, असे दोन-तीन दिवस तरी लागतात. परतीचा पाऊस आला तर विचारूच नका. आत ओल राहिली तर भाजताना आव्यात पणती फुटते, शेजारच्यांनाही घेऊन जाते. त्यानंतर आवा रात्रभर जळतो आणि पुरता निवेपर्यंत त्याला हात लावायचा नसतो.

म्हणून चाक बंद ठेवा, निवत आलेला आवा दाखवा आणि सौदा तिथेच होऊ द्या. समजा आव्यात ६०० पणत्या आहेत. कुंभार ३ रुपये म्हणतो, गिऱ्हाईक २ म्हणतं, वर ‘आत्ताच उघडा, मला गाडी गाठायचीय’ अशी घाई. गरम आव्याला गार वारा लागला की चिरा जातात. आत किती धड आहेत हे कुंभारालाही ठाऊक नाही. १०० फुटल्या तर गिऱ्हाईकाच्या ५०० जेमतेम भरतात. १५० फुटल्या तर दिलेला शब्दही पाळता येत नाही, आणि गोवऱ्या-पऱ्हाटीचा खर्च तर आधीच होऊन गेलेला असतो. ही फूट कोणी सोसायची, खरं भांडण ते आहे.

ठाणेकर:
हे सगळं प्रेक्षकाला कळणार कसं? फिरतं चाक आणि ओले हात पडद्यावर लगेच भिडतात. आव्यात दिसणार काय, राखच ना? मी तर चाकच ठेवेन.

हातगाडी जळगाव:
चाक-आवा तुम्ही ठरवा, पण गिऱ्हाईकाला खलनायक करू नका. मी दिवाळीत पणत्या विकतो आणि कुंभाराशी भावही करतो. माझ्या शेजारच्या गाडीवर साच्यातल्या रंगीत पणत्या असतात, त्यांच्या भावापुढे मला टिकायचं असतं. पोत्यात पेंढा कमी पडला तर वाटेतली फूट माझीच. मी दोन पणत्या एकमेकींवर वाजवून घेतो. खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर कच्ची. कच्ची पणती पाण्यात टाकली की मऊ पडते आणि शिव्या मला खाव्या लागतात. तपासून घेण्यात अपमान कसला?

सुगरण:
माझा तर उलटा अनुभव. मागच्या वर्षीच्या पणत्यांनी तेलच पिऊन टाकलं, ओटाभर डाग पडले. असल्या पणत्यांचे ३ रुपये तरी का द्यायचे?

चाकावरची माती:
ताई, नवी पणती आधी काही तास पाण्यात बुडवून ठेवा आणि वरून कोरडी करून मग तेल घाला. पक्की पणतीही कोरडी असली की तेल ओढतेच. पांझराकाठ, हे वाक्य कुंभाराच्या तोंडी द्या. भाव पाडणाऱ्यालाही तो हे सांगतोच.

आखाजी:
खान्देश दाखवायचा तर दिवाळी कशाला? आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी घागर भरतात. कुंभाराचा खरा हंगाम तोच.

चाकावरची माती:
घागरीचा हंगाम मोठा, हे खरं. पण तेव्हा कडक ऊन असतं, माल वाळायची काळजी नसते. परतीच्या पावसाची टांगती तलवार दिवाळीलाच.

रावेरची लेक:
एक भाषेचं. धुळ्याकडचं गाव असेल तर अहिराणी चालेल, ‘आवा आजून गरम शे, सकायले या’. पण कथा रावेर-यावलकडे नेलीत तर लेवा बोली लागेल. सगळ्या खान्देशाला एकच बोली देऊ नका.

पांझराकाठ:
गाव धुळ्याकडचंच ठेवतो आणि सौदा आव्यापाशी नेतो. पण शेवटी पैसे नाकारणं मला हवंय. गिऱ्हाईक म्हणतं, ‘उद्यानंतर या पणत्यांना कोण विचारतं?’ आणि कुंभार नोट परत करतो.

चाकावरची माती:
नाही पटत. ज्याचा पणत्यांचा वर्षाचा पैसा या चार दिवसांत यायचा, तो नोट परत करत नाही. त्या टोमण्याला त्याच्याकडे साधं उत्तर आहे, ‘पंधरा दिनमा त्रिपुरी पुनव शे’. उरलेला पक्का माल तेव्हा जातो. म्हणून तर तो घाईने आवा उघडत नाही आणि २ रुपयांवरही येत नाही.

हातगाडी जळगाव:
पौर्णिमेला दिवाळीच्या मानाने किती खपतो माल? थोडाच. तो अडीचवर येईल.

चाकावरची माती:
अडीचवर येईल, पण ‘सकाळी उघडल्यावर जेवढ्या निघतील तेवढ्या न्या, ५०० चा शब्द देत नाही’ या अटीवर.

हातगाडी जळगाव:
आणि माझी गाडी सुटली ती?