आईच्या मांडीवरची चरबीची गाठ मोठी होतेय, मदत हवी आहे

माझी आई ६१ वर्षांची आहे, डाव्या मांडीला बाहेरच्या बाजूने तिला खूप वर्षांपासून मऊ गाठ आहे, बोटाने ढकलली की सरकते, दुखत अजिबात नाही. आमचे फॅमिली डॉक्टर तेव्हा म्हणाले होते चरबीची गाठ आहे, राहू द्या. पण दिवाळीनंतर ती वाढलीय असं वाटलं म्हणून टेप लावून बघितलं तर ६ सेंमी भरली. शेजारच्या काकू म्हणतात गरम तेलाने चोळ, विरघळेल. सोनोग्राफी करू की सरळ काढूनच टाकू?

रानवारा: मऊ आणि सरकणारी आहे ना, मग कॅन्सर नसतोच. कॅन्सरची गाठ दगडासारखी कडक असते. निवांत राहा.

मीनल_क: माझ्या पाठीवर पण होती, मधोमध काळा ठिपका. दाबली तर घाण वासाचं पांढरं निघालं आणि मग लाल होऊन पू झाला. ऑपरेशन केलं तरी वर्षभरात परत आली, पिशवी आत राहिली होती म्हणे. तेव्हा कोणी दाबू नका.

सर्जरीवाला: मीनल, तुमची सिस्ट होती, ती कातडीलाच चिकटलेली असते. इथे तसं दिसत नाही.
रानवारा, बऱ्याचदा तुम्ही म्हणता तसंच असतं, पण मऊ आहे एवढ्यावर सोडून देता येत नाही, खोलवरच्या काही वाईट गाठीही मऊ लागतात आणि दुखत नाहीत. आम्ही तीन गोष्टी बघतो, ५ सेंमीच्या वर आहे का, वाढतेय का, आणि स्नायूच्या आत आहे का. तुमच्या आईंच्या बाबतीत पहिल्या दोन आहेतच. तिसरीसाठी त्यांना खुर्चीत बसवून पाय सरळ ताणायला सांगा, मांडी घट्ट झाल्यावर गाठ आत दडली किंवा हलेनाशी झाली तर ती खोल असण्याची शक्यता जास्त.
चोळू नका, चरबी तेलाने विरघळत नाही. आणि थेट कापायलाही जाऊ नका, आधी सोनोग्राफी. खोल किंवा शंकास्पद दिसली तर एमआरआय आणि मग सुईने तुकडा. तपासणीविना काढली आणि नंतर रिपोर्ट वाईट आला तर दुसरं ऑपरेशन खूप मोठं करावं लागतं.

धागाकर्ती: आत्ताच करून बघितलं. दडली नाही पण आधीइतकी सरकत पण नाही, मला नीट कळेना.

रानवारा: ६ सेंमी वाचलंच नव्हतं मी. करून घ्या सोनोग्राफी.

सर्जरीवाला: हाताला कळलं नाही तर तिथेच सोडा, ते सोनोग्राफीवर दिसेल. या आठवड्यातच करा, आणि रिपोर्टमध्ये गाठ स्नायूच्या वर आहे की आत हे लिहिलंय का ते बघा, नसेल तर तिथेच विचारा. वजन कमी झालंय का त्यांचं?

धागाकर्ती: वजन तेवढंच आहे. गुरुवारची अपॉइंटमेंट मिळालीय, रिपोर्ट आला की इथेच टाकते.