मदत हवी आहे: पीसी मधूनच अर्धा मिनिट हँग होतो. डिस्क, केबल की पोर्ट?

रात्रपाळी
विंडोज एसएसडीवर आहे, घरचे सगळे फोटो २ टीबीच्या हार्डडिस्कवर. त्यातली फाइल उघडली की कधीकधी अर्धा मिनिट सगळं थिजतं, फक्त माउस हलतो. मग आपोआप सुरळीत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नेमक्या त्या वेळेला हे सापडतं:

```
storahci  Event ID 129
Reset to device, \Device\RaidPort0, was issued.
```

सावंतवाडीकर
डिस्क गेली समजा. आधी फोटो दुसरीकडे उतरवा आणि नवी घ्या.

मीनल_जे
माझा लॅपटॉप असाच अडकायचा, रॅम वाढवल्यावर थांबला. तुमची रॅम किती आहे?

खटपट्या
रॅमचा इथे संबंध दिसत नाही. फोटो आधी उतरवा, हे मात्र अगदी बरोबर. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 05, C5 आणि C7 यांचे रॉ आकडे सांगा.

रात्रपाळी
फोटो उतरवले. 05 आणि C5 शून्य. C7 ला 1A4.

खटपट्या
1A4 हेक्समध्ये आहे, म्हणजे ४२०. डिस्कची पाटी शाबूत दिसते, डेटा वाटेत बिघडतोय. C7 कधीच कमी होत नाही, त्यामुळे तो *वाढतो का* एवढंच बघायचं.

पीसी बंद करून प्लग काढा. पोर्ट तोच ठेवून क्लिपवाली नवी केबल लावा, एखादं मोठं फोल्डर डिस्कवरून कॉपी करा आणि C7 बघा. वाढला तर केबल तीच ठेवून पोर्ट बदला. दोन्ही एकदम बदलू नका, दोषी कोण ते कळणारच नाही. जुनीच केबल काढून घट्ट बसवली तरी काही दिवस बरं वाटतं, त्यावर विसंबू नका. आणि स्मार्टची लाँग टेस्ट इथे उपयोगाची नाही. ती डिस्कच्या आतल्या आत चालते, केबलमधून डेटा जातच नाही.

रात्रपाळी
नवी केबल, जुना पोर्ट: 1A4 चा 1A7 झाला, एकदा हँगही झाला. नवी केबल, शेजारचा पोर्ट: मोठी कॉपी करूनही 1A7 वरच. खात्रीसाठी जुनी केबल चांगल्या पोर्टवर लावली, तर एका कॉपीत 1C0! म्हणजे दोन्ही खराब? जुनी केबल साइड पॅनलखाली दाबून काटकोनात वळली होती.

खटपट्या
केबल नक्कीच खराब, ती कापून टाका म्हणजे पुन्हा कुणी लावणार नाही. वळलेल्या केबलच्या ताणाने पोर्टची आतली जीभ सैल झाली असू शकते. टॉर्च मारून बघा, वाकडी किंवा चिरलेली दिसते का.

रात्रपाळी
दिसायला सरळ आहे.

सावंतवाडीकर
मग पॉवरची केबलही तपासा. पीसी बंद न करता 0C चा आकडा वाढत असेल, तर डिस्कचा वीजपुरवठा मध्येच तुटतोय.

रात्रपाळी
0C आत्ता लिहून ठेवला. डिस्क शेजारच्याच पोर्टवर राहू देतो. तो पोर्टही त्याच चिपवरचा आहे, मग त्याच्यावर भरवसा ठेवावा का?