सल्ला हवा: हातात ५ किलो, मग स्नायूवर ४९ किलो कसे?

स्नेहल_सातारा: मुलीचा अकरावीचा प्रकल्प आहे. कोपर काटकोनात, हातात ५ किलोचं वजन, कोपरापासून ३५ सेंमीवर. कोपरापुढचा हात दीड किलोचा आणि त्याचा गुरुत्वमध्य १५ सेंमीवर धरलाय. बायसेप्सचा कंडरा ४ सेंमीवर. उत्तर ४९ किलो येतंय. तिला पटतच नाही. कुठे चुकलंय? आणि प्रतिकृती कशी करावी?

मिलिंद_जी: चुकलंय. ३५ भागिले ४ म्हणजे पावणेनऊ पट. पाच किलोला पावणेचव्वेचाळीसच येणार.

फिजिओ_ठाणे: मिलिंदजी, पट बरोबर, पण हाताचं स्वतःचं वजन राहिलं. ५ × ३५ = १७५, १.५ × १५ = २२.५. बेरीज १९७.५, ती ४ ने भागली की ४९.४. म्हणजे सुमारे ४८४ न्यूटन. ताई, मुलीचं उत्तर बरोबर आहे.

तिला पुढचंही काढायला सांगा. स्नायू ४९.४ ने वर ओढतो, खाली मात्र साडेसहाच किलो आहेत. उरलेले जवळपास ४३ किलो दंडाचं हाड कोपरात खाली दाबून तोलतं. हे बहुतेक मुलं विसरतात. मोबदल्यात स्नायू १ सेंमी आखडला की हात जवळपास ९ सेंमी हलतो.

मात्र ‘बायसेप्सचं बल’ असं लिहू नका. त्याच्याखालचा ब्रेकिॲलिसही तेच काम करतो, त्यामुळे ४९ ही सगळ्यांची मिळून ओढ समजा.

काका_नाशिक: मला डंबेल उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. हेच कारण का? किती किलो घ्यावं?

फिजिओ_ठाणे: काका, बायसेप्सचा कंडरा कोपराच्या पुढच्या खळग्यात लागतो. बाहेरचं दुखणं बहुधा मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंचं असतं. या गणितावरून वजन ठरवू नका, आधी दाखवून घ्या.

आयटीआय_मास्तर: प्रतिकृतीसाठी ४० सेंमीची लाकडी पट्टी एका टोकाला बिजागरीवर बसवा. ४ सेंमीवर दोरा बांधून वर ताणकाटा लावा, ३५ सेंमीवर २०० ग्रॅम टांगा. पट्टी १०० ग्रॅमची असेल, तर (२०० × ३५ + १०० × २०) ÷ ४, म्हणजे २२५० ग्रॅम दिसायला हवेत. काटा ताणला की पट्टी खाली झुकते. ती पुन्हा आडवी होईपर्यंत काटा वर उचला, मगच वाचा.

स्नेहल_सातारा: केलं! काटा २४०० दाखवतोय.

आयटीआय_मास्तर: दोरा ओळंब्यात आहे का? २० अंश तिरपा असला तरी नेमके एवढेच येतात. दोरा सरळ करूनही जास्त आले, तर ४ सेंमीचं माप बिजागरीच्या खिळ्यापासून पुन्हा घ्या. पट्टीच्या टोकापासून घेतलं असेल तर तिथेच चूक.

मिलिंद_जी: हाताचं वजन धरायला हवं होतं, मान्य. पण कंडरा ४ सेंमीवरच कशावरून? ५ धरले तर उत्तर ३९.५ वर येतं.

फिजिओ_ठाणे: माणसागणिक फरक पडतो, कोपराच्या कोनानुसारही. म्हणून ताई, ४ आणि ५ दोन्ही धरून उत्तरं लिहा.

स्नेहल_सातारा: दोरा तिरपाच होता. आता २३०० आहे. माप उद्या तपासतो.