पॉपकॉर्नच्या एका बाऊलच्या कॅलरीज कशा धरू?
मदत हवी आहे. मी कुकरमध्ये ४० ग्रॅम मक्याचे दाणे आणि १ टेबलस्पून तेल घालून पॉपकॉर्न करते, त्याचे बरोब्बर दोन बाऊल होतात. दाण्यांच्या साधारण १५० कॅलरीज आणि तेलाच्या १२० म्हणजे बाऊलमागे १३५ झाल्या ना, आणि बहिणीकडच्या गरम हवेच्या मशीनमध्ये तेवढ्याच दाण्यांचे बिनतेलाचे केले तर ७५च. पण कुकरच्या तळाला तेल राहतं आणि गणंगही उरतात (परवा ५ ग्रॅम निघाले!), मग ते वजा करायचे का? कुकर आधी रिकामा आणि नंतर तेलकट असा वजन करून फरक काढला तर चालेल? शिवाय मशीनचे जास्त फुलले तर बाऊलचं माप सारखं कसं धरायचं, का सरळ ग्रॅमवरच मोजू?